वर्गातले ‘चाळे’ आणि बाईंची नजर

शाळेच्या डायरीत लाल शाईने शेरा येतो, ‘मुलगा वर्गात चाळे करतो. पालकांनी समज द्यावी.’ बाप कामावरून दमून आलेला असतो. तो शेरा वाचतो आणि मुलाच्या पाठीत दोन धपाटे घालतो. आई म्हणते, ‘अरे, बाकीची पोरं बसतात ना नीट? मग तुलाच काय होतं?’ मुलगा खाली मान घालून कबूल करतो की उद्यापासून नाही करणार. आणि दुसऱ्या दिवशी वर्गात त्याची मान आदल्या दिवसापेक्षा जास्त वेळा झटकते, घशातून आवाजही जास्त निघतो. शिक्षकांना वाटते पोरगा हट्टी आहे आणि आईबापांचे लक्ष नाही. आईबापांना वाटते पोरगा आपली इज्जत घालवतो आहे. खरी गोष्ट तिसरीच असते. ती पालकांनी आणि शिक्षकांनी, दोघांनीही समजून घेण्यासारखी आहे. आपल्या वाचकांत शिक्षकही बरेच आहेत, म्हणून आजचा मजकूर दोघांसाठी आहे.

चाळे कशाला म्हणतात

सारखे डोळे मिचकावणे, नाक मुरडणे, तोंड वाकडे करणे, खांदा उडवणे, मान झटकणे या हालचाली. आणि खाकरणे, नाक ओढणे, ‘हुं हुं’ असा आवाज काढणे, एखादा शब्द मध्येच बोलून जाणे, हे आवाज. हे सगळे अचानक, झटकन आणि पुन्हा पुन्हा त्याच तऱ्हेने होते. डॉक्टरी भाषेत याला टिक म्हणतात. शाळकरी वयातल्या बऱ्याच मुलांना असे काही आठवडे किंवा काही महिने होते आणि आपोआप जाते. काहींचे मात्र वर्षाहून अधिक काळ टिकते. दोन किंवा अधिक प्रकारच्या हालचाली आणि निदान एक प्रकारचा आवाज असे दोन्ही असेल, ते वर्षाहून जास्त चालले असेल आणि अठरा वर्षांच्या आत सुरू झाले असेल, तर त्याला टुरेट असे नाव आहे. १८८५ साली जॉर्ज जिल द ला टुरेट या फ्रेंच डॉक्टराने अशा ९ रुग्णांची हकीकत लिहिली, त्याचे नाव या विकाराला पडले. मुलींपेक्षा मुलग्यांत हे तीन-चार पटीने अधिक दिसते. २०१८ साली आलेल्या ‘हिचकी’ या हिंदी चित्रपटात राणी मुखर्जीने हाच विकार असलेल्या शिक्षिकेचे काम केले होते. तो पाहिलेल्यांना ओळख पटेल.

साधारणपणे हे पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आसपास सुरू होते, दहा ते बारा वर्षांच्या वयात सर्वांत जास्त असते आणि बहुतेक मुलांत वयात येता येता कमी होत जाते. म्हणजे पाचवी, सहावी, सातवी ही वर्षे कठीण. मुले एकमेकांना नावे ठेवायला लागतात तेही नेमके याच वर्षांत.

हे का होते? मेंदूत हालचाली सुरू करणाऱ्या आणि आवरून धरणाऱ्या यंत्रणेत थोडा फरक असतो. एकाच घरात दोघातिघांना असू शकते. कुणाचे पाहून मुलगा हे शिकला, आईच्या लाडाने बिघडला, कुणाची नजर लागली किंवा कुणी काही केले, यातले काहीही खरे नाही. म्हणून अंगारे-धुपारे करून यात काही फरक पडत नाही. उपाय केल्यावर महिनाभराने कमी झालेले दिसले तरी फसू नये, कारण टिकचा स्वभावच असा आहे की ती काही आठवडे वाढते, मग काही आठवडे ओसरते, आणि एक जाऊन दुसरी येते. डोळे मिचकावणे थांबते आणि मान झटकणे सुरू होते.

‘मनात आणलं तर थांबवतो की’

शिक्षकांची गल्लत इथेच होते. ते म्हणतात, ‘मी समोर उभा राहिलो की पाच मिनिटे गप्प बसतो. म्हणजे मुद्दामच करतो ना?’ या प्रश्नाचे उत्तर नीट समजले की पुढचे सगळे सोपे होते.

थोडी मोठी मुले सांगतात की मान झटकण्याआधी मानेत काहीतरी साठल्यासारखे होते. खाज सुटावी किंवा शिंक यावी तसे. झटका दिला की क्षणभर मोकळे वाटते. मग पुन्हा साठू लागते. शिंक आपण काही क्षण दाबू शकतो, पण ती दाबत असताना समोरचा माणूस काय बोलतो ते डोक्यात शिरत नाही. या मुलाचेही तसेच आहे. तो पाच-दहा मिनिटे टिक दाबून ठेवू शकतो, पण तेवढा वेळ त्याचे सगळे लक्ष दाबण्यात जाते. फळ्यावर काय लिहिले, बाईंनी काय विचारले, याचा त्याला पत्ता नसतो. दिवसभर शाळेत दाबून धरलेल्या काही मुलांच्या टिक घरी आल्यावर उसळून येतात. त्यामुळे शाळा म्हणते ‘इथे काही करत नाही’ आणि आई म्हणते ‘घरी सारखं करतो’. दोघेही खरे बोलत असतात.

याच्या उलटही होते. कॅरम खेळताना, चित्र काढताना, ढोलकी वाजवताना मुलाची टिक जवळजवळ दिसत नाही. मन एखाद्या कामात रमले की ती कमी होते. थकवा, भीती, परीक्षा, तसेच सहलीचा आनंदसुद्धा तिला वाढवतो. आणि तिचा विषय काढला की ती वाढते. ‘हल्ली तू खाकरत नाहीस ना?’ एवढे विचारले तरी खाकरणे सुरू होऊ शकते. म्हणून ‘गप्प बस’, ‘पुन्हा केलंस?’ हे शब्द औषधाच्या उलटे काम करतात.

एका वर्गातले उदाहरण

सहावीतला ११ वर्षांचा मुलगा धरू. वर्गात ५५ मुले, एका बाकावर तिघे. सातव्या वर्षी त्याला डोळे मिचकावण्यापासून सुरुवात झाली. नवव्या वर्षी मान उजवीकडे झटकू लागला. गेल्या दिवाळीपासून घशातून ‘हुं’ असा आवाज येतो, शांत तासाला दर दोन-तीन मिनिटांनी. दोन हालचाली, एक आवाज आणि वर्षाहून जास्त काळ, म्हणून डॉक्टरांनी टुरेट सांगितले. अभ्यासात तो बरा आहे, पण वह्या अपुऱ्या राहतात.

इतिहासाचा तास चालू आहे. ‘हुं’ ऐकू येते. बाई वाचता वाचता थांबतात आणि विचारतात, ‘कोण आहे रे?’ पंचावन्न डोकी वळतात. मागून कोणीतरी ‘हुं’ची नक्कल करतो आणि वर्ग हसतो. बाई म्हणतात, ‘हसू नका, त्याला त्रास आहे.’ बाईंच्या मनात दया आहे, पण ज्यांना माहीत नव्हते त्यांनाही आता कळले. पुढची पंधरा मिनिटे मुलगा ओठ आवळून, मान ताठ करून बसतो. धड्यातले एक वाक्यही त्याच्या कानात शिरत नाही. मधल्या सुट्टीत मुलगा कोपऱ्यात जाऊन दहा-वीस वेळा मान झटकतो, तेव्हा कुठे त्याला मोकळे वाटते.

आता हाच तास दुसऱ्या तऱ्हेने पाहू. ‘हुं’ येते. बाई वाचायच्या थांबत नाहीत, आवाज चढवत नाहीत, त्या दिशेला पाहतही नाहीत. रस्त्यावरून गाडी गेली तर जसे वाचत राहतात, तसेच वाचत राहतात. पहिले काही दिवस मुले बाईंच्या तोंडाकडे पाहतात. बाईंना काही वाटत नाही असे दिसले की तीही पाहणे सोडून देतात. पंख्याची कुरकुर जशी कानाला सवयीची होते, तसा हा आवाज होतो. हे वाचायला सोपे आहे, करायला अवघड आहे. दिवसातून शंभर वेळा आवाज ऐकून शिक्षकाच्याही डोक्याला त्रास होतो. पण वर्ग काय करायचे ते शिक्षकाकडे बघून ठरवतो, म्हणून सुरुवात तिथूनच होते.

दुर्लक्ष टिककडे करायचे आहे, मुलाकडे नाही, एवढे मात्र ध्यानात ठेवा. काही शिक्षक अडचण नको म्हणून त्या मुलाला प्रश्न विचारणेच सोडतात. त्याने हात वर केला तर इतरांइतक्याच वेळा त्याला उत्तराची संधी मिळाली पाहिजे. उत्तर देताना मध्ये ‘हुं’ आले तर थांबून त्याचे वाक्य पुरे होऊ द्यावे, त्याच्या वतीने पुरे करू नये.

शाबासकीचीही एक चूक आहे. ‘आज दिवसभर एकदाही केलं नाहीस, शाबास!’ असे प्रेमाने म्हटले जाते. पण यातून मुलाला कळते की बाई दिवसभर मोजत होत्या. उद्यापासून तो शिकण्यासाठी नाही, दाबण्यासाठी शाळेत येईल. शाबासकी द्यायची ती गणित सुटले म्हणून, कविता पाठ झाली म्हणून द्यावी.

बाक कुठला द्यावा

अशा मुलाला ‘डोळ्यांसमोर असू दे’ म्हणून पहिल्या बाकावर बसवण्याची पद्धत आहे. हे टाळावे. पहिल्या बाकावर बसले की मागच्या सगळ्या मुलांना त्याची मान दिसते आणि आपल्याला पाठीमागून बघत आहेत हे त्याला सतत जाणवते. शेवटच्या बाकावर एकटे बसवणे तर शिक्षाच झाली. मधल्या किंवा मागच्या भागातला, भिंतीकडचा, दाराजवळचा बाक चांगला. जी बाजू झटकते ती भिंतीकडे येईल असे बघावे. आपल्या उदाहरणातल्या मुलाची मान उजवीकडे जाते, तर भिंत उजव्या हाताला हवी. शेजारी शांत, न चिडवणारा मुलगा द्यावा.

पण त्याला एकट्याला उठवून ‘तू इथे बस’ म्हटले तर सगळ्यांना कारण कळते. म्हणून सोमवारी सगळ्या वर्गाचीच जागा बदलावी आणि त्यात त्याला हवी ती जागा द्यावी. पंचावन्न मुले हलली की एकाचे हलणे दिसत नाही. कुठला बाक बरा वाटेल हे आधी त्यालाच एकट्याला विचारावे. काही मुलांना मित्राजवळ बसणे हे भिंतीपेक्षा मोलाचे वाटते.

बाहेर जायची वाट

दाबून दाबून असह्य झाले की मुलाला चार-पाच मिनिटे वर्गाबाहेर जाता आले पाहिजे. हात वर करून ‘बाई, मला टिक येतेय, बाहेर जाऊ?’ असे तो कधीही विचारणार नाही. त्यासाठी खूण ठरवावी. खूण अशी हवी की ती फक्त दोघांना कळेल आणि इतर वेळी ती सहज घडणार नाही. समजा, कंपासपेटी बाकाच्या कडेला उभी करून ठेवणे. बाईंनी ती पाहिली की त्या म्हणतील, ‘हे हजेरीपत्रक ऑफिसात देऊन ये,’ किंवा ‘खडू घेऊन ये.’ मुलगा जातो, पाणी पितो, मान मोकळी करून घेतो आणि परत येतो. परत आल्यावर ‘बरं वाटलं का?’ असे वर्गात विचारू नये.

रोज एकच मुलगा खडू आणायला जाऊ लागला की आठवड्यात मुलांच्या लक्षात येते. म्हणून अशी कामे इतर मुलांनाही पाळीपाळीने द्यावीत. दुसरी अडचण अशी की मुलगा हुशार असेल तर नावडत्या तासालाही कंपासपेटी उभी करील. अशी शंका आली तर बाईंनी स्वतःच्या वहीत दोन आठवडे फक्त वेळ आणि विषय टिपून ठेवावा. सगळे जाणे गणितातच होत असेल तर दोन कारणे असू शकतात. एक, गणित टाळायचे आहे. दोन, गणिताची भीती वाटते आणि भीतीने टिक वाढते. कोणते खरे ते मुलाशी एकट्याने बोलून समजते. त्यासाठी बाहेर जाणे बंद करायचे नाही. गणितात कुठे अडते ते शोधायचे.

मोठ्याने वाचन, लिहिणे आणि परीक्षा

सगळ्यांसमोर उभे राहून वाचणे हा या मुलासाठी सर्वांत अवघड प्रसंग असतो. त्याची वाचनातून कायमची सुटका करावी असे नाही. त्याला आदल्या दिवशी एकट्याला विचारावे, ‘उद्या वाचशील का? कुठला परिच्छेद घेशील?’ काही मुलांना पहिलेच नाव यावे असे वाटते, कारण वाट बघण्यात ताण वाढतो. काहींना जोडीने वाचलेले बरे वाटते. संपूर्ण वर्गानेच चार दिवस जोडीजोडीने वाचले तर त्याचे वेगळेपण उरत नाही.

वह्या अपुऱ्या का राहतात, तेही पाहावे. डोळे मिटतात, मान झटकते, तेवढ्यात फळ्यावरची ओळ निसटते आणि ती पुन्हा शोधावी लागते. वहीच्या मापाची पुठ्ठ्याची पट्टी पुस्तकातल्या ओळीखाली धरली की ओळ सापडते. फळ्यावरून उतरवायचे असेल तर शेजाऱ्याची वही मिळण्याची सोय असावी. हात झटकत असेल तर अक्षरासाठी गुण कापू नयेत. ‘दहा वेळा लिहून आण’ ही शिक्षा तर अजिबात नको.

परीक्षेच्या खोलीत टाचणी पडली तरी ऐकू येते. तिथे हा मुलगा तीन तास आवाज दाबून बसतो आणि येत असलेली उत्तरे विसरतो. त्याला निराळ्या खोलीत, एका पर्यवेक्षकाबरोबर बसू दिले तर त्याचीही सोय होते आणि इतर मुलांचीही. शाळेच्या पातळीवरच्या परीक्षांत मुख्याध्यापक हे ठरवू शकतात. बोर्डाच्या परीक्षेसाठी डॉक्टरी कागद लागतात आणि शाळेमार्फत अर्ज करावा लागतो, म्हणून नववीतच विचारणा सुरू करावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात परीक्षेच्या पद्धतीत योग्य तो बदल आणि जादा वेळ यांची तरतूद आहे. दीर्घकाळ चालणारे मज्जासंस्थेचे विकार त्या कायद्याच्या यादीत आहेत, पण प्रत्येक मुलाला दाखला मिळेलच असे नाही. ते त्रासाच्या प्रमाणावर ठरते.

बाकीची मुले

एखादा मुलगा भर वर्गात विचारतो, ‘बाई, तो असं का करतो?’ यावर डोळे वटारले तर गोष्ट मोठी होते, आणि पाच मिनिटांचे व्याख्यान दिले तरीही मोठी होते. नेहमीच्या आवाजात एक वाक्य पुरते, ‘ते शिंकेसारखं आपोआप होतं. चल, पुढची ओळ वाच.’

नक्कल करणाऱ्याला मात्र सोडू नये. पण तेही वर्गासमोर नाही. ‘त्याला चिडवू नकोस’ असे सगळ्यांसमोर म्हटले की चिडवला गेलेलाच पुन्हा उघडा पडतो. वर्गाचा नियम सरसकट असावा. कुणाच्याही बोलण्याची, चालण्याची, अंगाची नक्कल या वर्गात चालणार नाही. नियम मोडणाऱ्याला सुट्टीत बाजूला घेऊन सांगावे. मधली सुट्टी, नळ, संडासाची रांग, शाळा सुटल्यावरचे फाटक, या ठिकाणी बाई नसतात आणि चिडवणे तिथेच चालते. एखादा शिपाईकाका किंवा मोठ्या वर्गातला समंजस मुलगा तिथे लक्ष ठेवील असे पाहावे.

सगळ्या वर्गाला सांगायचे की नाही, हा निर्णय मुलाचा आणि आईबापांचा. शिक्षकांनी तो परस्पर घेऊ नये. काही मुलांना सगळ्यांना एकदाचे कळले की हायसे वाटते. काहींना ते मरणाहून वाईट वाटते. मुलगा ‘हो’ म्हणाला तर कोण सांगणार, काय सांगणार आणि तो त्या वेळी वर्गात असणार की नाही, हे तिघांनी आधी ठरवावे. तो ‘नको’ म्हणाला तर विषय तिथेच संपला. पण ही माहिती त्या वर्गावर येणाऱ्या सगळ्या शिक्षकांना, पी.टी.च्या सरांना आणि बदलीवर येणाऱ्या शिक्षकांनाही असायला हवी. वर्गशिक्षिकेने महिनाभर सांभाळलेले एका नव्या सरांच्या ‘ए, कोण तो?’ने एका तासात मोडते.

जे टिक नाही ते ओळखा

दुर्लक्ष करायला सांगितले म्हणून सगळ्याकडेच दुर्लक्ष करायचे नाही. मुलगा मध्येच काही सेकंद टक लावून थिजतो, हाक मारली तरी ओ देत नाही आणि मग काही झालेच नाही असा पुन्हा लिहू लागतो, तर ती एक प्रकारची फिट असू शकते. टिक येणाऱ्या मुलाला हाक ऐकू येते. दुसरे, टिक ठरावीक असते, तीच मान, तीच बाजू. पण हातपाय, चेहरा वेडेवाकडे, कधी इथे कधी तिथे असे वळवळत राहतात, हातातून वस्तू पडतात, अक्षर थोड्या दिवसांत एकदम बिघडते, असे असेल तर डॉक्टरांकडे लगेच न्यावे. घसा दुखून गेल्यावर काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी येणाऱ्या सांधेतापाशी याचा संबंध असतो आणि त्यात हृदयाच्या झडपांना धोका असतो. नुसते डोळे मिचकावत असेल तर डोळे तपासावेत, नुसते खाकरत किंवा नाक ओढत असेल तर ॲलर्जी आहे का ते पाहावे.

आणखी एक. या मुलांपैकी अनेकांना चंचलपणा, लक्ष न लागणे किंवा एकच गोष्ट पुन्हा पुन्हा करत राहण्याची ओढ, असाही त्रास असतो. कित्येकदा अभ्यासाचे नुकसान टिकपेक्षा त्यानेच जास्त होते. मुलगा एकच ओळ चार-चार वेळा खोडून लिहीत असेल तर तेही डॉक्टरांना सांगावे. तोंडून शिव्या जाणे हे मात्र थोड्याच मुलांत असते. तसे झाले तर तीही टिकच समजावी आणि तीही तशीच सोडून द्यावी.

मुंबईत के.ई.एम., नायर, सायन अशा पालिकेच्या रुग्णालयांत बालरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. इतरत्र जिल्हा रुग्णालयात चौकशी करावी. डॉक्टरांसमोर मुलगा टिक दाबून धरतो, म्हणून घरी असताना, त्याला विचारून, मोबाईलवर एखाद्या मिनिटाचे चित्रण करून न्यावे. वर्गात मात्र कुणीही असे चित्रण करू नये. सौम्य टिकला औषध लागतेच असे नाही. सवय बदलण्याचे शिक्षण असते. त्यात ओढ जाणवली की मान झटकण्याऐवजी, कुणाला न कळेल असे, हनुवटी किंचित आत घेऊन मानेचे स्नायू ताठ ठेवायला शिकवतात. ते शिकलेल्या माणसाकडूनच शिकावे आणि वर्गात शिक्षकांनी ‘तो व्यायाम कर’ अशी आठवण करू नये. औषधाने टिक कमी होते, मुळापासून जात नाही. काही औषधांनी गुंगी येते. मुलगा पहिल्या तासाला पेंगू लागला तर बाईंनी रागवण्याआधी आईला कळवावे, म्हणजे डॉक्टर मात्रा बदलतील.

बाईंना द्यायची चिठ्ठी

शाळेत जाऊन बोलायला अनेक आयांना संकोच वाटतो. कामावरून सुट्टीही मिळत नाही. त्यांच्यासाठी नमुना देत आहोत. आपल्या मुलाप्रमाणे बदल करून घ्यावा.

‘वर्गशिक्षिका बाईंना सविनय नमस्कार. माझ्या मुलाला मान झटकण्याचा आणि घशातून आवाज येण्याचा त्रास आहे. डॉक्टरांनी त्याला टिक असे सांगितले आहे. कागदाची झेरॉक्स जोडली आहे. तो मुद्दाम करत नाही. दाबून ठेवले तर त्याचे धड्यात लक्ष राहत नाही. वर्गात त्याला त्याबद्दल काही बोलू नये, अशी विनंती आहे. त्याला भिंतीकडचा, दाराजवळचा बाक बरा पडतो. मध्ये एखाद्या वेळी बाहेर जाण्याची परवानगी असावी. त्याने अभ्यास केला नाही किंवा दंगा केला तर इतरांप्रमाणेच त्याला बोलावे, त्याला आमची हरकत नाही. वर्गातल्या मुलांना सांगावे असे त्याला सध्या वाटत नाही. आपण सांगाल त्या दिवशी मी शाळा सुटल्यावर भेटायला येईन.’

चिठ्ठी बंद पाकिटात, मुलाच्या हाती न देता स्वतः द्यावी आणि एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. तरीही वर्गात उभे करणे, मारणे, टोमणे चालूच राहिले तर मुख्याध्यापकांना लेखी द्यावे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने मुलाला शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ, दोन्हींना मनाई केली आहे.

महिनाभराने बाई आणि आई पुन्हा भेटल्या की ‘आवाज थांबला का?’ हा प्रश्न घेऊन बसू नये. आवाज वाढेल, घटेल, जागा बदलेल, ते कुणाच्याच हातात नाही. वही पुरी होते का, मुलगा हात वर करतो का, मधल्या सुट्टीत कुणाबरोबर डबा खातो आणि सकाळी शाळेला निघताना पोट दुखते म्हणायचे थांबले का, हे चार प्रश्न विचारावेत. या चारांपैकी जे अडले असेल तेवढेच पुढच्या महिन्यात दुरुस्त करायला घ्यावे.